इंग्रजीत 'आपण' नाही: काही टिपणे

पिंपळगाव बसवंतहून भाच्याचा फोन आला. तो द्राक्षांच्या एका पॅकहाउसमध्ये निर्यातीची कागदपत्रं सांभाळतो. रॉटरडॅमच्या खरेदीदाराला पत्र पाठवायचं होतं. "मामा, पाठवण्याआधी एकदा नजर टाका," म्हणाला. पत्र असं होतं:

"रिस्पेक्टेड सर, विथ रेफरन्स टू द अबव्ह मेन्शन्ड सब्जेक्ट, इट इज हिअरबाय इन्फॉर्म्ड दॅट ड्यू टू सम अनअव्हॉइडेबल सर्कमस्टन्सेस द शिपमेंट कुड नॉट बी डिस्पॅच्ड ॲज पर शेड्यूल अँड द सेम विल बी डन ॲट द अर्लिएस्ट. इनकन्व्हिनियन्स कॉज्ड इज डीपली रिग्रेटेड. काइंडली बेअर विथ अस अँड डू द नीडफुल."

मायना सोडून 48 शब्द. व्याकरणाची चूक काढायचीच म्हटली, तर एखादा 'द' राहिलाय. बाकी सगळं ठाकठीक. वाचून झाल्यावर मी त्याला विचारलं, "बरं, पण झालंय काय?"

*

"अहो, ट्रक कसारा घाटात बंद पडला. न्हावा शेवाला पोचेपर्यंत कट-ऑफ होऊन गेट बंद. मंगळवारचं जहाज गेलं. आता शनिवारचं धरलंय. माल थंडच आहे, कंटेनरचा जनरेटर चालू होता. पण चार दिवस उशिरा आलेला माल तो घेणार का, ते त्यानं लवकर सांगायला पाहिजे. नाहीतर मला दुसरं गिऱ्हाईक बघावं लागेल."

खरेदीदाराला जे जे कळायला हवं ते सगळं या बोलण्यात आलं. पत्रात त्यातलं काहीच नव्हतं. 'अनअव्हॉइडेबल सर्कमस्टन्सेस' या दोन शब्दांत अख्खा कसारा घाट गडप झाला होता. 'डू द नीडफुल' म्हणजे त्या माणसानं नेमकं काय करायचं, हे तर लिहिणाऱ्यानंच ठरवलेलं नव्हतं.

*

गंमत म्हणजे याच खरेदीदाराशी हाच मुलगा फोनवर इंग्रजीत बोलतो. मी ऐकलंय. "ट्रक लेट. शिप गॉन. नेक्स्ट शिप सॅटर्डे. ओके?" क्रियापदं गळालेली असतात, पण समोरच्याला सगळं समजतं. म्हणजे इंग्रजी येत नाही ही त्याची अडचण नाही. लिहायला बसला की तो लग्नात भाड्यानं आणलेला कोट चढवतो. कोट दुसऱ्याच्या मापाचा. त्यात हातही वर होत नाही.

*

मला हे कळतं, कारण तो कोट मी तीस वर्षं वापरला. बँकेत पत्रव्यवहाराच्या टेबलावर बसलो, तेव्हा मुख्य कारकुनांनी पहिल्याच दिवशी एक जाड फाइल हातात दिली. तिच्यात नमुन्याची पत्रं होती. कर्ज मंजूर, कर्ज नामंजूर, कागद अपुरे, चौकशी चालू. आपण फक्त नाव, तारीख आणि रक्कम बदलायची. तिथून मी इंग्रजी वाक्यं शिकलो ती अशी, अख्खी, पॅकबंद. आत काय आहे हे उघडून बघायची वेळच आली नाही.

ती वेळ आणली एका बाईंनी. नवरा गेला होता. त्याच्या खात्यातले पैसे मिळावेत म्हणून त्यांनी अर्ज केला होता. मी पाठवलेलं पत्र घेऊन त्या काउंटरवर आल्या. 'युअर ॲप्लिकेशन इज अंडर ॲक्टिव्ह कन्सिडरेशन.' त्यांनी विचारलं, "भाऊ, शेजारच्या मुलाकडून वाचून घेतलं. यात पैसे मिळणार असं लिहिलंय की नाही मिळणार असं?" मी पत्र पुन्हा वाचलं. दोन्ही लिहिलेलं नव्हतं. खरं म्हणजे मृत्यूच्या दाखल्याची प्रत अजून आमच्याकडे आली नव्हती, आणि तेवढंच लिहायला हवं होतं.

*

भाच्याला मी म्हटलं, "रिस्पेक्टेड काढ." तो कळवळला. "मामा, मोठा माणूस आहे तो. उद्धट वाटेल."

इथे खरी मेख आहे. मराठीत आदर ठेवायला जागाच जागा आहेत. तू, तुम्ही, आपण. ये, या, यावं. 'पाठव', 'पाठवा', 'पाठवाल का', 'पाठवावेत ही विनंती'. क्रियापदाच्या शेपटीतच आदर बसलेला असतो, वेगळा शब्द लागत नाही. इंग्रजीत हे काही नाही. साहेबाला 'यू' आणि शिपायालाही 'यू'. मराठी माणूस तिथे पोचला की त्याला उघड्यानं उभं राहिल्यासारखं वाटतं. मग तो घरून आणलेला 'आपण' ठेवायला जागा शोधतो आणि मिळेल तिथे कोंबतो. रिस्पेक्टेड, काइंडली, हंबली, युअर गुड सेल्फ, युअर गुड नेम. एकाच वाक्यात प्लीज आणि काइंडली दोन्ही.

आपल्या इंग्रजीतला ताठरपणा बराचसा या बेघर 'आपण'चा आहे. 'साधं लिहा' एवढं सांगून तो जात नाही. त्याला राहायला दुसरी जागा दाखवावी लागते.

*

ती जागा कुठे? इंग्रजीत विनंतीचा मान प्रश्नात आणि भूतकाळी रूपात असतो. 'सेंड मी द इन्व्हॉइस' हा हुकूम. 'प्लीज सेंड मी द इन्व्हॉइस' हा गोड हुकूम. रोजच्या कामाला चालतो. 'कुड यू सेंड मी द इन्व्हॉइस?' ही विनंती. आपल्या 'पाठवाल का'च्या सगळ्यात जवळ हेच आहे. 'काइंडली'ची गंमत अशी की आपण तो नम्रतेसाठी घालतो, पण पुष्कळ इंग्रजांच्या कानाला तो चिडक्या सूचनेसारखा लागतो. सार्वजनिक ठिकाणच्या 'कृपया थुंकू नये' या पाटीतला 'कृपया' जसा लागतो, तसा.

दुसरी जागा वाक्यात नाहीच, ती वाचणाऱ्याच्या वेळात आहे. कोणत्या मालाबद्दल बोलतोय ते पहिल्या ओळीत सांगणं, त्याच्याकडून काय हवं ते स्पष्ट मागणं, मुदत त्याच्या घड्याळाप्रमाणे देणं. हॉलंडातल्या माणसासाठी 'रिस्पेक्टेड' यात आहे.

*

'डू द नीडफुल' आपण जन्माला घातलं असा समज आहे. तसं नाही. हा शब्दप्रयोग इंग्रज स्वतःच घेऊन आले. कंपनीच्या आणि पुढे सरकारच्या कारकुनीत तो रुळला, मग इंग्लंडात जुना झाला आणि मागे पडला. इथे मात्र फायलीतून फायलीत उतरत राहिला. जुन्या व्यापारी पत्रांतलं 'आय बेग टू ॲक्नॉलेज' किंवा सरकारी पत्राखालचं 'युअर ओबीडियंट सर्व्हंट' यांचंही तेच. म्हणजे आपण जे घट्ट धरून बसलो आहोत ते इंग्रजांचं इंग्रजीही नाही. ते त्यांच्या पणजोबांच्या हेडक्लार्कचं आहे.

*

त्यांच्याकडेही सरकारी इंग्रजीचा लोकांना वैताग आलाच होता. ब्रिटिश अर्थखात्यानं सर अर्नेस्ट गॉवर्स या ज्येष्ठ सनदी अधिकाऱ्याला सांगितलं की आमच्या माणसांना नीट लिहायला शिकवा. त्यातून 1948 मध्ये 'प्लेन वर्ड्स' निघालं आणि 1954 मध्ये वाढवलेलं 'द कंप्लीट प्लेन वर्ड्स'. जॉर्ज ऑर्वेलनं राजकीय इंग्रजीवरचा आपला प्रसिद्ध निबंध 1946 मध्ये प्रकाशित केला.

मला यात दिलासा वाटतो तो एवढाच की हा रोग परक्या भाषेत लिहिणाऱ्याचाच नाही. ज्यांची ती आईची भाषा, त्यांनाही तो टेबलापाशी बसल्यावर होतो.

*

आता आरसा उलटा धरू. 'उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की, सदर प्रकरणी उचित कार्यवाही करण्यात यावी.' हे मराठी आहे का? अक्षरं मराठी, पण सांगाडा 'विथ रेफरन्स टू द अबव्ह सब्जेक्ट'चा. 'उचित कार्यवाही' म्हणजे 'नीडफुल'च की. संयुक्त महाराष्ट्र झाल्यावर कारभार मराठीत आणायचं ठरलं, 1964 चा राजभाषा अधिनियमही झाला. पण टेबलावरचे मसुदे इंग्रजी होते, आणि त्यांचीच मराठी झाली.

त्यामुळे आज एखादा मुलगा इंग्रजीत 'द सेम विल बी डन' लिहितो, तेव्हा त्याच्या मनात आधी 'सदर काम करण्यात येईल' उमटलेलं असू शकतं. इंग्रजीतून मराठीत आलेली कुबडी परत इंग्रजीत गेली. म्हणून 'आधी मराठीत विचार कर, मग इंग्रजीत लिही' हा सल्ला अर्धाच बरोबर आहे. कोणत्या मराठीत, ते विचारायला हवं. फोनवर मामाशी बोलतो त्या मराठीत.

*

तपासण्याची एक रीत. लिहिलेल्या प्रत्येक इंग्रजी वाक्याचं मराठी करायचं आणि घरातल्या एखाद्या माणसाला म्हणून दाखवायचं. 'गैरसोय झाली, त्याबद्दल खोल खेद व्यक्त केला जातो.' आमच्या हिनं हे ऐकून विचारलं, "कोण व्यक्त करतंय?"

*

हिचा प्रश्न बरोबर होता. पण कर्ता लपवायची सवय नुसती सरकारी नाही, मराठीची घरचीही आहे. 'पत्र टाकायचं राहून गेलं.' 'हातून कप फुटला.' 'जरा उशीरच झाला.' मराठीत किती सोयीची वाक्यं आहेत ही. कुणी काही केलेलं नाही, गोष्टी आपल्या आपण होत गेल्या. ऐकणाराही समजून घेतो, कारण 'राहून गेलं'मध्ये थोडी ओशाळवाणी कबुली असतेच.

इंग्रजीत 'इट गॉट लेफ्ट' म्हणून ही छटा जात नाही. तिथे 'आय फरगॉट टू पोस्ट इट' म्हणावं लागतं. मालकी घ्यावी लागते. सुरुवातीला हे जिवावर येतं. पण कर्मणी वाक्य सरसकट पापही नाही. ट्रकला कुणी ठोकलं हे माहीत नसेल तर 'द ट्रक वॉज हिट' हेच बरोबर. कर्ता माहीत नाही म्हणून गाळला की माहीत असून लपवला, एवढंच स्वतःला विचारायचं.

*

मराठी क्रियापदांची आणखी एक घडण इंग्रजीला फुगवते. आपण नाम घेतो आणि त्याला 'करणे' जोडतो. पाहणी करणे, चौकशी करणे, चर्चा करणे, तपासणी करणे. मराठीत हे सहज आहे, पुष्कळदा दुसरा मार्गही नसतो. पण याच मापानं इंग्रजी कापलं की 'वी हॅव डन द इन्स्पेक्शन ऑफ द ग्रेप्स' तयार होतं. इंग्रजीला तिथे एकच क्रियापद लागतं: 'वी इन्स्पेक्टेड द ग्रेप्स.' 'गिव्ह इंटिमेशन'ऐवजी 'टेल'. 'मेक द पेमेंट'ऐवजी 'पे'.

'डिस्कस अबाउट'चं मूळही इथेच. आपल्याकडे दरा'बद्दल' चर्चा करतात, म्हणून 'अबाउट' आपोआप येतो. इंग्रजी 'डिस्कस'च्या पोटात तो आधीच आहे: 'वी डिस्कस्ड द प्राइस.'

खूण सोपी आहे. 'डू', 'मेक', 'गिव्ह' किंवा 'कंडक्ट' यांच्यामागे लांबलचक नाम दिसलं की थांबायचं आणि त्या नामाच्या पोटात क्रियापद आहे का ते चाचपायचं. बहुतेक वेळा असतं. नेहमी नाही. 'टेक अ डिसिजन' इंग्लंडातही म्हणतात. तिथे 'डिसाइड' आखूड आहे इतकंच.

*

पत्र नव्यानं लिहिताना भाच्याला अडखळवणारा शब्द 'रीच'. त्यानं लिहिलं, 'वी रीच्ड आफ्टर द गेट क्लोज्ड.' मराठीत 'पोचलो' एवढं पुरतं, कुठे ते संदर्भावरून कळतं. इंग्रजी 'रीच'ला ठिकाण लागतं. 'वी रीच्ड द पोर्ट', नाहीतर सरळ 'वी गॉट देअर'.

'गॉट देअर' त्याला फार घरगुती वाटलं. "असं पत्रात चालतं?" चालतं. शब्द घरगुती असला म्हणून पत्र गबाळं होत नाही. गबाळं होतं ते तारीख नसली की.

*

'द' आणि 'अ' यांची भीती घालवायला आजीची गोष्ट पुरते. गोष्टीत आधी 'एक' राजा येतो, आणि दुसऱ्या वाक्यापासून 'तो' राजा होतो. इंग्रजीत पहिल्या राजाला 'अ', दुसऱ्याला 'द'. वाचणारा 'कोणता?' असं विचारणार नसेल, त्याला ते ठाऊक असेल, तर 'द'. द ट्रक, द पोर्ट, द गेट. आपला हा ट्रक, ते बंदर, तिथलं गेट. एकंदर द्राक्षांबद्दल बोलायचं असेल तर काहीच नाही: 'ग्रेप्स स्पॉइल फास्ट.' पण या कंटेनरमधल्या द्राक्षांना 'द ग्रेप्स'.

एवढ्यानं सगळे 'द' जागेवर बसत नाहीत. नद्या, देश, इस्पितळं यांचे नखरे वेगळे, ते वाचून वाचूनच अंगवळणी पडतात. पण एखादा 'द' चुकला म्हणून खरेदीदार माल नाकारत नाही. तारीख चुकली तर नाकारतो.

*

म्हणून चुकांचे दोन ढीग करावेत.

पहिल्या ढिगात मराठीचा नुसता वास येतो, अर्थ बिघडत नाही. 'टुडे इव्हनिंग' म्हणजे 'आज संध्याकाळी', इंग्रज म्हणेल 'धिस इव्हनिंग'. 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स टू इयर्स' हे 'दोन वर्षांपासून'चं रूप. तिथे 'आय हॅव वर्क्ड हिअर फॉर टू इयर्स' हवं. सावकाश सुधारावं, झोप उडवून घेऊ नये.

दुसरा ढीग घातक, कारण त्यात वाक्य शुद्ध दिसतं आणि अर्थ भलताच पोचतो.

*

घातक ढिगातला पहिला: डाउट. मराठीत 'शंका' म्हणजे प्रश्नही आणि संशयही. वर्गात 'सर, एक शंका आहे' म्हणणारा मुलगा सरांवर संशय घेत नसतो. पण खरेदीदाराला 'आय हॅव अ डाउट अबाउट युअर इन्व्हॉइस' लिहिलं की त्याला वाटतं, हा मला लबाड म्हणतोय. 'आय हॅव अ क्वेश्चन' म्हणावं.

दुसरा: रिव्हर्ट. 'विल रिव्हर्ट टुमारो' म्हणजे आपल्या लेखी 'उद्या कळवतो'. इंग्लंड-अमेरिकेत रिव्हर्ट म्हणजे पूर्वीच्या स्थितीला जाणं. पुण्यातल्या संगणकवाल्यांना हे जास्त नडतं, कारण त्यांच्या कामात `git revert` ही आज्ञाच आहे आणि तिनं आधीचा बदल उलटवला जातो. त्यांनी 'विल रिव्हर्ट' लिहिलं तर पलीकडचा माणूस घाबरून विचारतो, का, काय बिघडलं? 'आय विल रिप्लाय टुमारो' लिहिलं की प्रश्न मिटला.

तिसरा: आपला लाडका 'च'. 'आजच या' म्हणजे टाळू नका, आजच्या आज या. याचं 'कम टुडे ओन्ली' झालं की इंग्रजाला कळतं, फक्त आज या, उद्या येऊ नका. जोर द्यायला इंग्रजीत वेगळी सोय नसली तर कारण सांगावं: 'प्लीज कम टुडे, द ऑफिस इज क्लोज्ड टुमारो.' 'च'चं काम कारण करतं.

*

पहिल्या ढिगाची लाज वाटू लागली की मला निसिम इझिकेल आठवतात. मुंबईचे बेने इस्रायली कवी. त्यांच्या समाजाची घरची भाषा मराठी. आपल्या निरोपसमारंभातलं भारतीय इंग्रजी, ते चालू वर्तमानकाळातलं सगळं 'गोइंग-कमिंग', त्यांनी 'गुडबाय पार्टी फॉर मिस पुष्पा टी. एस.' या कवितेत असं उचललं की हसता हसता माणसं ओळखीची वाटू लागतात. कवितेत तो रंग आहे. व्यापारी पत्रात तो अर्थाच्या आड येतोय का, एवढंच बघायचं.

*

पुण्याची एक पुतणी माझ्या 'नीडफुल'ला हसते. तिची पत्रं पाहिली. 'आय होप धिस ईमेल फाइंड्स यू वेल. जस्ट वाँटेड टू टच बेस. लेट्स सर्कल बॅक.' मी विचारलं, "पत्रानं त्याला बरा गाठला की नाही ते सोड, तुला त्याच्याकडून काय हवंय?" तिला फाइल हवी होती. मग 'कुड यू सेंड मी द फाइल?' एवढं बास.

जुनी फाइल गेली, नवी आली. माझी वाक्यं हेडक्लार्कची, तिची मॅनेजरची. दोघांच्याही तोंडात ती कधी आपण होऊन आलेली नाहीत. मी तिला एक खेळ दिला: जे शब्द तू कधी मोठ्यानं बोलली नाहीस त्यांच्याखाली रेघ मार. अर्धं पत्र निळं झालं.

*

साधेपणाला कुंपण आहे, तेही लिहून ठेवतो. प्रतिज्ञापत्रातला 'हिअरबाय' उगाच बसलेला नाही. सही करताक्षणी ही घोषणा होते, असं तो सांगतो. तो तिथे राहू द्यावा. करारातले ठरलेले शब्द आपल्या मनानं सोपे करू नयेत, 'शॅल'च्या जागी 'कॅन' गेला की बंधनाची सूट होते. आणि आपल्याच सरकारी कचेरीत इंग्रजी अर्ज द्यायचा असेल तर 'रिस्पेक्टेड सर' खुशाल लिहावं. तिथला वाचक तो शोधतो. वाचक बदलला की साधेपणाची व्याख्याही बदलते.

*

भाच्याचं पत्र शेवटी असं झालं. आम्ही फोनवरच केलं. तो मराठीत सांगायचा, मी विचारायचो, मग तो इंग्रजीत म्हणायचा आणि लिहायचा.

"युअर ग्रेप्स मिस्ड द शिप ऑन ट्यूजडे. द ट्रक ब्रोक डाउन ऑन द वे टू द पोर्ट अँड वी गॉट देअर आफ्टर द गेट क्लोज्ड. द कंटेनर स्टेड ॲट झिरो डिग्रीज थ्रूआउट. वी हॅव बुक्ड द नेक्स्ट शिप, ऑन सॅटर्डे, सो द ग्रेप्स विल रीच यू फोर डेज लेट. विल यू स्टिल टेक देम? प्लीज टेल मी बाय थर्सडे नून युअर टाइम. आय ॲम सॉरी अबाउट धिस."

कंटेनरच्या वाक्याच्या जागी त्यानं आधी 'द फ्रूट इज फाइन' लिहिलं होतं. मी विचारलं, "उघडून बघितलंस?" नव्हतं बघितलं. माहीत होतं ते एवढंच की कंटेनरच्या तापमान-नोंदीत सगळा वेळ शून्य अंश दिसत होतं. मग तेवढंच लिहिलं. गुळगुळीत वाक्य लिहिताना असा प्रश्न पडत नाही. साध्या वाक्यात खोटं लगेच उघडं पडतं.

*

शब्द मोजले. 67. आधीच्या पत्रापेक्षा 19 जास्त. साधं म्हणजे आखूड अशी माझी समजूत होती. आखूड झाली ती वाक्यं. पत्र लांबलं, कारण त्यात मजकूर आला.

*

"आपण सॉरी शेवटी का टाकलं?" भाच्यानं विचारलं. कारण माफी आधी आली की वाचणारा पुढे काय वाईट बातमी आहे ते शोधत राहतो. इथे त्याला बातमी आधी मिळाली, मग निवड करायला मुदत मिळाली, मग माफी. आणि ती 'व्यक्त केली' गेली नाही, 'आय' म्हणून मागितली गेली.

*

बुधवारी संध्याकाळी भाच्याचा फोन. एरवी खरेदीदाराचं पहिलं उत्तर 'प्लीज क्लॅरिफाय' असं यायचं, आणि खुलासा करण्यात दोन दिवस जायचे. या वेळी एका तासात आलं.

"काय म्हणतोय?"

"माल घेतो म्हणतोय. पण उशीर झाला, तर दर कमी करा म्हणतोय."

"मग?"

"मग काय मामा, भांडतो आता. पण कशावरून भांडायचं ते तरी कळलं."